सात फेरे म्हणजे सप्तपदी नव्हे

आदिलाबाद जिल्ह्यात, बेला-जैनदकडच्या मराठी लग्नांत, एक वाक्य हल्ली हमखास कानावर येते : "सात फेरे झाले, म्हणजे सप्तपदी झाली." हे चूक आहे. भटजींना विचारले तर तेही सांगतील, पण त्यांना कोणी विचारत नाही. व्हिडिओवाला "अजून एक फेरा घ्या" म्हणतो, नवरा-नवरी अग्नीभोवती सात वेळा फिरतात आणि तांदळाच्या राशी पाटाशेजारी तशाच पडून राहतात. ज्या विधीवर लग्नाची पूर्तता अवलंबून आहे तोच विधी हातून निसटतो, आणि मांडवात कोणाच्या ते लक्षातही येत नाही. हे पाहून मला राग येतो.

मुळात फेरे आणि पावले हे दोन निराळे विधी आहेत. फेरे लाजाहोमाचे. नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो, त्या अग्नीत सोडल्या जातात, मग दोघे अग्नीला प्रदक्षिणा घालतात आणि नवरी सहाणेवर किंवा दगडावर पाय ठेवते. आश्वलायन गृह्यसूत्रात अशा तीन प्रदक्षिणा आहेत. पारस्कराच्या पद्धतीने चालणाऱ्यांकडे चौथीही घालतात. उत्तर भारतात फेरे सात घेण्याची रीत आहे आणि ज्यांची ती आहे त्यांनी ती जरूर पाळावी. पण आपल्याकडे ती टीव्ही मालिका आणि हिंदी सिनेमातून आली, पोथीतून नव्हे.

सप्तपदी त्यानंतर येते. अग्नीच्या उत्तरेला तांदळाच्या सात लहान राशी एका ओळीत मांडतात. काही घरी प्रत्येक राशीवर सुपारी असते. नवरा नवरीचा हात धरतो आणि ती उजवे पाऊल एकेका राशीवर ठेवत ईशान्येकडे जाते. गोभिलाच्या सूत्रात तर डावे पाऊल उजव्याच्या पुढे जाऊ देऊ नये असे बजावले आहे. इथे गोल फिरणे नाही, सरळ पुढे जाणे आहे. सातव्या पावलावर दोघांची डोकी एकत्र आणून कलशातले पाणी शिंपडतात. तेव्हा आपल्या लग्नात सप्तपदी झाली की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे : राशी मोजा आणि त्यांवर पाऊल पडले का ते बघा. फेऱ्यांच्या संख्येवरून काही कळत नाही.

आता या सात पावलांचा अर्थ. प्रत्येक पावलाला एक छोटा मंत्र आहे आणि तो पाऊल कशासाठी ते सांगतो. पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी, तिसरे धनाच्या वाढीसाठी, चौथे सुखासाठी, पाचवे संततीसाठी, सहावे ऋतूंसाठी. सातवे पाऊल कशासाठीही नाही. तिथे नवरा नवरीला फक्त सखी हो म्हणतो. घरात दाणा असावा, अंगात ताकद असावी, इथून सुरुवात करून शेवट मैत्रीवर करणारा हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. सहाव्या पावलाकडे लोक दुर्लक्ष करतात, पण कापूस पिकवणाऱ्या या जिल्ह्यात त्याचा अर्थ समजावून सांगायची गरज पडू नये. सहा ऋतू सोबतीने काढणे म्हणजे काय, ते जूनमध्ये पेरणी करून पावसाची वाट पाहणारे घर जाणते.

हा क्रम ऋग्वेदी आश्वलायनांचा. इथे आणखी एक घोटाळा होतो, आणि तो खास आपल्या सरहद्दीवरचा आहे. समजा मुलगी मराठी ऋग्वेदी घरातली आहे आणि मुलगा तेलुगू, कृष्ण यजुर्वेदाच्या आपस्तंब सूत्राचा. विधी साधारणपणे मुलाकडच्या सूत्राप्रमाणे चालतात. तिथे तिसऱ्या पावलाला धनाऐवजी व्रत येते, पाचव्याला संततीऐवजी पशुधन आणि सातव्याला यज्ञातल्या सात ऋत्विजांच्या कर्माचा उल्लेख. मैत्रीचा मंत्र त्याला जोडून येतो. पारस्कराच्या मार्गाने जाणाऱ्या शुक्ल यजुर्वेदी घरांतही पाचवे पाऊल पशूंसाठीच आहे. मग मुलीच्या काकांना वाटते, तेलुगू भटजींनी मंत्र चुकवले, आणि मांडवात कुजबुज सुरू होते. कोणी काही चुकवलेले नसते. शाखा वेगळी, म्हणून पाठ वेगळा. अशा लग्नात दोन्ही भटजींनी आदल्या दिवशी बसून पोथी ठरवावी, एवढेच करायचे असते.

दुसरा मोठा गैरसमज "सात वचनां"चा. तीर्थयात्रेला मला सोबत न्याल, माझ्या आईवडिलांना मान द्याल, तरच मी तुमच्या डाव्या बाजूला बसेन, अशा अटींची यादी पत्रिकांवर छापली जाते आणि वेदातली म्हणून सांगितली जाते. या अटी गृह्यसूत्रांत नाहीत. त्या नंतरच्या पद्धतींतल्या आहेत. त्यांतला आशय चांगला असेल तर तो जरूर बोलावा, पण वेदाच्या नावावर खपवू नये.

आणि मूळ मंत्रांबद्दलही खरे तेच सांगायला हवे. सूत्रांत हे मंत्र नवरा म्हणतो, नवरी ऐकते. आश्वलायनाच्या पाठात प्रत्येक पावलाला तिने आपल्यामागे चालावे आणि खूप मुलगे व्हावेत अशीही इच्छा आहे. त्याला दोघांनी परस्परांना दिलेली समान वचने म्हणणे म्हणजे आजची आवड जुन्या पोथीत घुसवणे. ज्यांना दोघांनीही बोलायला हवे आहे त्यांनी तसे उघडपणे करावे. सातव्या पावलाचा सख्यभाव त्याला पुरेसा आधार देतो.

तिसरी गोष्ट कायद्याची, आणि इथे शंका येणार म्हणून नेमके सांगतो. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम ७ : लग्न दोघांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधींनी लावता येते, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच ते पूर्ण व बंधनकारक होते. मनुस्मृतीतही आठव्या अध्यायात पूर्तता सातव्या पावलावरच सांगितली आहे. म्हणजे "सप्तपदी नाही तर लग्न नाही" हे सरसकट खरे नाही. ज्यांच्या रूढीत ती नाही त्यांचे लग्न त्यांच्या रूढीनेच होते. पण ती रूढी सिद्ध करता आली पाहिजे. महाराष्ट्रातल्या एका खटल्यात १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या लग्नाच्या आरोपातून नवऱ्याला सोडले, कारण ते दुसरे लग्न गांधर्व पद्धतीने झाले होते. होम आणि सप्तपदी झाली नव्हती, आणि ती टाळण्याची रूढीही शाबीत झाली नाही. पहिल्या बायकोच्या हाती काही लागले नाही. २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने उलट बाजूने सांगितले : विधीच झाले नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह होत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. "सात पावले म्हणजे सात जन्म" : मंत्रांत जन्मांचा उल्लेख नाही. "मंगळसूत्र बांधले की लग्न पूर्ण" : गृह्यसूत्रांत मंगळसूत्र नाही. "अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आता जेवायला चला" : मुहूर्त साधला, पण होम आणि सप्तपदी अजून उरलेली असते. तेलुगू लग्नात जिरे-गूळ एकमेकांच्या डोक्यावर ठेवण्याच्या क्षणाबद्दलही हाच समज आहे. "इथल्या सगळ्यांना हाच कायदा" : उटनूर, इंद्रवेल्लीकडच्या गोंड आणि कोलाम समाजांना नाही. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा केंद्राने तशी अधिसूचना काढल्याशिवाय लागू होत नाही, त्यांची लग्ने त्यांच्या स्वतःच्या रीतीने होतात.