मेंदूचा शिधा

एका शाळेच्या तपासणीच्या वेळी चौथीच्या वर्गात घडलेला प्रसंग प्रथम सांगतो. मधल्या सुट्टीस अर्धा तास अवकाश होता. गणितात एरवी हुशार असलेल्या एका मुलास गुरुजींनी सत्तावीस अधिक पंधरा किती, असे विचारले. तो फळ्याकडे नुसता पाहत राहिला, मग भलताच आकडा बोलला आणि कारण नसता हसला. गुरुजींनी त्यास उर्मट समजून उभे केले; मीही त्यांना अडविले नाही. तेव्हा शेजारची मुलगी म्हणाली, "गुरुजी, त्याला रोज सुई टोचावी लागते." मुलगा मधुमेही होता. सकाळी इन्सुलिन टोचून घेऊन, अर्धीच भाकरी खाऊन तो आला होता आणि शाळा भरेपर्यंत मनसोक्त धावला होता.

त्याच्या बुद्धीस एकाएकी काय झाले, हे समजण्यासाठी मेंदूचा खर्च पाहिला पाहिजे. प्रौढ माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे पन्नासाव्या हिश्श्याइतका असतो. परंतु विश्रांतीच्या वेळी शरीर जो प्राणवायू वापरते, त्याचा पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. दिवसाकाठी त्यास सुमारे १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. मुलांच्या मेंदूची भूक तर वजनाच्या मानाने याहूनही अधिक असते.

हा खर्च कठीण गणिते सोडविण्यात होतो, असा समज आहे. तो खरा नव्हे. मेंदूतील पेशी परस्परांना विद्युत्संदेश पाठवितात. प्रत्येक संदेशाच्या वेळी सोडियमचे कण पेशीत शिरतात व पोटॅशियमचे बाहेर पडतात. ते पुन्हा आपापल्या जागी नेणारे सूक्ष्म पंप पेशीच्या आवरणात अहोरात्र चालू असतात आणि खर्चाचा मोठा भाग त्यांचाच असतो. गणित सोडविताना त्यात अल्पशीच भर पडते. म्हणून परीक्षेपूर्वी निरोगी मुलास साखर चारून बुद्धी तल्लख होत नाही.

अडचण अशी की, एवढा खर्च असूनही मेंदूजवळ स्वतःची कणगी जवळजवळ नाही. रक्तातून येईल त्यावरच त्याचा निर्वाह. प्राणवायू तुटला तर काही सेकंदांतच शुद्ध हरपते. ग्लुकोजचा साठाही रक्तात फार नसतो. तीस किलो वजनाच्या मुलाच्या अंगात सव्वादोन लिटरच्या आसपास रक्त असते आणि त्यात सव्वादोन ग्रॅमच्या सुमारास ग्लुकोज, म्हणजे चहाचा अर्धा चमचा! मेंदूस ताशी पाच ग्रॅम लागते असे धरले, तर हा साठा अर्धा तासही पुरणार नाही. तो पुरतो, कारण यकृत आपल्या साठ्यातून सतत ग्लुकोज रक्तात सोडीत असते.

त्या मुलाच्या बाबतीत नेमके हेच थांबले होते. टोचलेल्या इन्सुलिनने यकृताचे दार लावून घेतले आणि धावण्याने स्नायूंनी रक्तातील ग्लुकोज ओढून घेतले. दीर्घ उपवासात चरबीपासून यकृत जे पर्यायी इंधन मेंदूसाठी तयार करते, तेही इन्सुलिन होऊ देत नाही.

रक्तातील ग्लुकोज दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ लागले की प्रथम घाम, थरथर, धडधड व भूक यांनी शरीर इशारा देते. पन्नाशीच्या आसपास विचार अडखळू लागतो: हिशेब चुकतो, शब्द सापडत नाहीत, मूल चिडते किंवा उगाच हसते. त्याहून बरेच खाली गेल्यास झटके येतात, शुद्ध जाते. मात्र ज्याची साखर वारंवार उतरते, त्याचे इशारे बोथट होतात. अशा मुलाचा बिघडलेला विचार हेच शिक्षकाच्या नजरेस येणारे पहिले लक्षण असते, आणि ते खोडीसारखे दिसते.

उपाशी आलेले प्रत्येक मूल या अवस्थेत असते असे नव्हे. निरोगी मुलाचे यकृत सकाळपर्यंत बहुधा सांभाळून नेते. तरीही जमैकातील मुलांच्या १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, न्याहारी चुकल्याचा चाचण्यांवर होणारा वाईट परिणाम कुपोषित मुलांत दिसला होता. कुपोषित मुलाची पुंजीच तुटपुंजी, हे ध्यानी ठेवावे.

मधुमेही मुलात वरील चिन्हे दिसताच, ते शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर, दोन-तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी. पंधरा मिनिटांत फरक न दिसल्यास पुन्हा द्यावी आणि बरे वाटल्यावर भाकरी किंवा पोळी खावयास द्यावी. त्यास एकटे घरी धाडू नये. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर निजवून त्वरित दवाखान्यात न्यावे. गुळाचे पाणीही चालते. सुट्टीत दुकान शोधण्यापेक्षा साखरेची डबी वर्गाच्या कपाटातच असावी.

त्या दिवशी साखरेचे पाणी पोटात गेल्यावर मुलाचा घाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला, परंतु बेरीज तेव्हाही चुकली. रक्तातील साखर सावरली तरी विचार मागाहून सावरतो. पाऊण तासाने त्याने न विचारताच सांगितले, "गुरुजी, बेचाळीस."