उत्तर बरोबर आहे का, हे तरंगलांबीला विचारा

बारावीच्या भौतिकशास्त्रात तरंगांची गणितं बहुतेकदा आकडेमोडीत चुकत नाहीत. मोजणीत चुकतात किंवा सूत्र निवडताना. दोन्ही चुका पकडायची एकच कसोटी आहे: उत्तर आलं की तरंगलांबी किती, हे वेगळ्या वाटेने काढून पाहायचं.

दोन्ही टोकांना घट्ट बांधलेली १.२ मीटरची तार घ्या. तिच्यात तरंगाचा वेग सेकंदाला २४० मीटर आहे आणि ती तीन भागांत कंप पावते आहे. निस्पंद, म्हणजे अजिबात न हलणारे बिंदू, किती? पुष्कळ जण तीन लिहितात. पण कुंपणाचे तीन गाळे उभे करायला चार खांब लागतात, तसंच इथे आहे. बांधलेली टोकंही हलत नाहीत, म्हणून तीही निस्पंदच. निस्पंद चार आणि सर्वाधिक हलणारे प्रस्पंद तीन. लगतच्या दोन निस्पंदांमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीएवढं असतं. इथे ते ०.४ मीटर, म्हणून तरंगलांबी ०.८ मीटर आणि वारंवारता २४० भागिले ०.८, म्हणजे ३०० हर्ट्झ. आता चार निस्पंदांचे चार भाग धरून पाहा. अंतर ०.३ मीटर येतं आणि वारंवारता ४०० हर्ट्झ. हे चार भागांत कंप पावणाऱ्या तारेचं उत्तर आहे. प्रश्न टोकांमधल्या निस्पंदांपुरताच असेल, तर मात्र उत्तर दोन. म्हणून प्रश्नातले शब्द नीट वाचायचे.

आता स्थिर उभ्या श्रोत्याकडे सेकंदाला २० मीटर वेगाने थेट येणारी रेल्वे घ्या. भोंगा ४०० हर्ट्झचा, ध्वनीचा वेग ३४० मीटर. गाडी उभी असताना तरंगलांबी ०.८५ मीटर असते. एका कंपनाला १/४०० सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी ०.०५ मीटर पुढे सरकते, म्हणून समोरची तरंगलांबी ०.८० मीटरच उरते. ३४० भागिले ०.८० म्हणजे ४२५ हर्ट्झ. गाडी दूर जाताना तरंगलांबी ०.९० मीटर आणि वारंवारता सुमारे ३७८ हर्ट्झ.

जवळ येताना वारंवारता वाढलीच पाहिजे, ही पहिली तपासणी. पण ती पुरेशी नाही. श्रोता चालत असतानाचं सूत्र इथे चुकून वापरलं, तर ४२३.५ हर्ट्झ येतात. हा आकडाही वाढलेलाच आहे, म्हणून तो खरा वाटतो. त्याची तरंगलांबी काढली की ०.८० ऐवजी सुमारे ०.८०३ मीटर येते आणि चूक उघडी पडते. श्रोता चालतो तेव्हा हवेतली तरंगलांबी बदलत नाही. ध्वनीचा स्रोत चालतो तेव्हा ती बदलते. दोन सूत्रं वेगळी असण्याचं कारण हेच.

म्हणून उत्तराखाली रेघ मारण्याआधी तारेची आकृती काढून निस्पंद टोकांसकट मोजा आणि भोंग्याच्या गणितात एका कंपनात स्रोत किती सरकला, ते लिहा. दोन्ही वाटांनी एकच आकडा आला, तरच उत्तर पक्कं समजा.