दोन बहिणी, एक घर

समजा, वडिलांनी स्वतः बांधलेलं साताऱ्यातलं कौलारू घर. मृत्युपत्र नाही, आई-वडील दोघंही गेले. वारस दोघी बहिणी. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे प्रत्येकीचा अर्धा वाटा, लग्न झालेलं असो वा नसो. थोरलीला विकायचंय, कारण दर पावसाळ्यात माजघर गळतं आणि कौलं फेरायला माणूस मिळत नाही. धाकटी म्हणते, "ताई, थोडं थांब ना."

आधी दोघींनी सिटी सर्व्हे कार्यालयात वारसनोंद करून मिळकत पत्रिकेवर नावं चढवावीत. पत्रिकेवर वडिलांचंच नाव असेल, तर जाणता खरेदीदार पुढे सरकतच नाही.

थोरलीला आपला अर्धा हिस्सा परक्याला विकता येईल का? येईल, पण कायद्याचं कलम 22 आड येतं : तो हिस्सा विकत घेण्याचा पहिला हक्क धाकटीचा. किमतीवर एकमत झालं नाही, तर ती न्यायालय ठरवतं. शिवाय कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा घेणाऱ्या परक्याला तिथे सोबत राहायचा हक्क मिळत नाही. त्यामुळे घर साठ लाखांचं असलं, तरी सुट्या अर्ध्या हिश्श्याला कोणी तीस लाख देईल ही आशा नको.

म्हणूनच धाकटीने मूल्यांकन करून घेऊन थोरलीला हप्त्यांनी पैसे देणं मला शहाणपणाचं वाटतं. मात्र ते नोंदणीकृत दस्ताने करा. घरगुती कागदावरच्या सह्यांनी मालकी बदलत नाही.