काचेचा तुकडा गेल्यासारखी वेदना

चौतीस वर्षांचा एसटी कंडक्टर डोळ्यांसमोर आणा. ड्युटीवर असताना वाटेत लघवीची पंचाईत नको म्हणून तो पाणी जेमतेम पितो आणि जेवण वडापाव किंवा मिसळीवर भागवतो. तीन दिवस पोट साफ होत नाही. चौथ्या दिवशी खडा जोर करून बाहेर पडतो आणि त्याच क्षणी काचेचा तुकडा कापत गेल्यासारखी कळ येते. खड्यावर लालभडक रक्ताची रेघ दिसते, दोन थेंब भांड्यात पडतात. संडासातून उठल्यावरही तासभर आग थांबत नाही. "मूळव्याध झाली," असं घरी ठरतं आणि कोणीतरी सांगितलेलं चूर्ण सुरू होतं.

बहुधा ही मूळव्याध नसते. आतल्या मूळव्याधीत रक्त जातं, पण दुखत नाही. शौचाच्या वेळी चिरल्यासारखी कळ, नंतर बराच वेळ राहणारी आग आणि थोडंसं लाल रक्त ही फिशरची, म्हणजे गुदद्वाराच्या नाजूक कातडीला पडलेल्या चिरेची खूण आहे. बहुतेकदा ही चीर मागच्या बाजूला, माकडहाडाच्या दिशेला असते. तिथे रक्तपुरवठा कमी असल्यामुळे ती सहज भरून येत नाही.

बोटाला सुरी लागली तर जखम चार दिवसांत भरते. ही चीर मात्र रोज नव्याने उघडते, कारण तिच्याखाली एक गोल स्नायू आहे आणि त्याच्यावर आपला ताबा चालत नाही. चीर दुखली की तो आवळला जातो. आवळला की रक्तपुरवठा आणखी घटतो आणि वाटही अरुंद होते. आपला कंडक्टर आता दुखण्याच्या भीतीने शौच टाळू लागतो. आत थांबलेल्या मळातलं पाणी आतडं शोषून घेतं, खडा आणखी कडक होतो आणि चीर पुन्हा फाटते. म्हणून उपचार दोन ठिकाणी करायचे असतात. मळ मऊ करायचा आणि तो स्नायू सैल करायचा.

स्नायू सैल करण्याचं काम कोमट पाणी करतं. पसरट टबात किंवा घमेल्यात बूड आणि गुदद्वार नीट बुडेल एवढं पाणी घ्यावं. कोपर बुडवून पाहावं, सुखद ऊब वाटली पाहिजे, चटका नको. त्यात दहा ते पंधरा मिनिटं बसावं. एकदा शौचानंतर लगेच, एकदा झोपताना, आणि जमलं तर मध्ये आणखी एकदा. डेटॉल टाकू नये, कातडी आणखी झोंबते. मीठ घालण्याचीही गरज नाही. नंतर मऊ फडक्याने टिपून घ्यावं, घासू नये. शेकाने कळ कमी होते, पण खडा कडकच राहिला तर चीर दुसऱ्या सकाळी पुन्हा उघडते.

मळ मऊ राहण्यासाठी ज्वारीची भाकरी, सालाची डाळ, पालेभाजी, पेरू, पपई हे रोज लागतं. इसबगोल एक-दोन चमचे पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावं आणि दिवसभर पाणी पीत राहावं. पाणी न पिता नुसता कोंडा वाढवला तर पोट आणखी गच्च होतं. शौचाची भावना आली की थांबवू नये, कुंथू नये, आणि मोबाइल घेऊन बसू नये.

ताजी चीर अशा काळजीने बहुतेक वेळा काही आठवड्यांत भरते. सहा आठवड्यांहून अधिक रेंगाळली तर ती जुनाट समजतात. तिच्या टोकाला कातडीचा छोटा कोंब येतो आणि त्यालाच लोक मूळव्याधीचा मोड समजतात. मग डॉक्टर स्नायू सैल करणारं डिल्टियाझेमचं किंवा नायट्रोग्लिसरिनचं मलम देतात. ते सहा ते आठ आठवडे नेमाने लावावं लागतं. नायट्रोग्लिसरिनने काहींचं डोकं दुखतं. एवढं करूनही जखम भरली नाही तर स्नायूला छोटा छेद देण्याची शस्त्रक्रिया आहे. तिचा गुण चांगला येतो. मात्र थोड्या रुग्णांमध्ये वायू किंवा मळ रोखण्याची ताकद कमी होऊ शकते, हे आधी विचारून घ्यावं.

रक्त काळपट असेल किंवा मळात मिसळून येत असेल, वजन घटत असेल, शौचाची सवय अचानक बदलली असेल, ताप किंवा पू असेल, किंवा पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त दिसलं असेल, तर घरी शेकत बसू नका. रक्त फार जात असेल, चक्कर येत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि भिंतीवरच्या 'मूळव्याध, फिशर, भगंदर, खात्रीशीर इलाज' अशा पाटीवर विसंबू नका. हे तीन वेगळे आजार आहेत, त्यातला आपला कोणता ते आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.