केमोतल्या मुंग्या: दोषी एकच औषध की आणखी कुणी?

स्तनाच्या कॅन्सरवर पॅक्लिटॅक्सेल हे औषध अनेकदा दर आठवड्याला एक, असं बारा आठवडे सलाईनमधून देतात. केस जाणार, थकवा येणार, याची कल्पना घरच्यांना आधीच दिलेली असते. पण काही डोस झाल्यावर पायाच्या बोटांत मुंग्या येऊ लागतात, तळव्याखाली सतत वाळू असल्यासारखं वाटतं, आणि पुढे हाताची बोटंही बधिर होतात. तेव्हा बहुतेक पेशंट दोनांपैकी एक गोष्ट करतात. डोस कमी होईल या भीतीने गप्प बसतात, किंवा ‘केमोचंच आहे, चालायचं’ म्हणून सोडून देतात. दोन्हींत नुकसान आहे.

आधी हे होतं कसं ते पाहू. कुठलीही पेशी दुभंगताना आत अतिसूक्ष्म नळ्यांचा सांगाडा उभारते आणि काम झालं की तो मोडते. पॅक्लिटॅक्सेल हा सांगाडा मोडूच देत नाही. त्यामुळे कॅन्सरची पेशी दुभंगताना मध्येच अडकते आणि मरते. मज्जातंतूची पेशी दुभंगत नाही, पण तिलाही याच नळ्या लागतात, त्या वाहतुकीसाठी. स्पर्श कळवणाऱ्या पेशीचा मुख्य भाग कण्याजवळ असतो आणि तिचा तंतू थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ मीटरभर लांब गेलेला असतो. टोकाला लागणारा सगळा शिधा या नळ्यांवरून जातो. वाहतूक बिघडली की सगळ्यात दूरच्या टोकाची आधी उपासमार होते.

म्हणूनच औषधाच्या इजेला एक ठरावीक घडण असते. सुरुवात पायाच्या बोटांपासून, मग हाताची बोटं. दोन्ही बाजूंना साधारण सारखी. आणि जणू मोजे-हातमोजे घातलेत एवढ्याच भागात. डोस वाढत जातील तशी ती वाढते. प्रत्येक औषधाची तऱ्हाही थोडी वेगळी. आतड्याच्या कॅन्सरवर देतात ते ऑक्सॅलिप्लॅटिन घेतल्यावर काही तासांतच थंड वस्तूला हात लावला की बोटांत झिणझिण्या येतात, गार पाणी प्यायलं की घसा आवळल्यासारखा वाटतो. हे काही दिवसांत ओसरतं. पण त्याचा साठत जाणारा परिणाम केमो संपल्यावरही दोन-तीन महिने वाढत राहू शकतो.

ही घडण लक्षात ठेवायची, कारण तक्रार तिच्यात बसत नसेल तर दुसरं कारण शोधावं लागतं. आणि ती बसत असली तरी औषधाच्या जोडीला दुसरं कुणी असू शकतं.

समजायला एक उदाहरण रचू. चोपन्न वर्षांच्या एक बाई, शाकाहारी, दहा वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या. पॅक्लिटॅक्सेलचे सहा डोस झालेत. डॉक्टरांनी ‘काही त्रास?’ विचारलं की त्या ‘थोड्या मुंग्या’ एवढंच सांगतात. सोबत आलेली सून मात्र सांगते, “आईंना ब्लाउजचे हुक लावता येत नाहीत, आणि चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही.” इथे चित्र बदलतं. नुसत्या मुंग्या ही पहिली पायरी. स्वयंपाक, शिवण, हुक-बटणं अडू लागली की दुसरी. आणि अंघोळ, जेवण, कपडे घालणं यांना मदत लागू लागली की तिसरी. डोस तसाच ठेवायचा, कमी करायचा, काही काळ थांबवायचा की औषध बदलायचं, हे बऱ्याच अंशी या पायऱ्यांवर ठरतं. म्हणून किती मुंग्या येतात यापेक्षा कुठलं काम अडतं, ते सांगावं.

डॉक्टर टाचणीने टोचून पाहतात, कंप पावणारा चिमटा अंगठ्याच्या हाडावर टेकवतात, घोट्यामागे हातोडी मारतात. दोन्ही अंगठ्यांना कंप कळत नाही. हे औषधाच्या घडणीत बसतं. पण मधुमेहही नेमके हेच तंतू, याच क्रमाने खराब करतो. शिवाय बी-१२ जीवनसत्त्व मुख्यतः प्राणिज अन्नातून मिळतं, आणि वर्षानुवर्षं घेतलेल्या मेटफॉर्मिनने त्याचं शोषण घटतं. या बाईंना कमतरतेची दोन्ही कारणं आहेत. केमोत हिमोग्लोबिन तसंही उतरतं, त्यामुळे बी-१२ कडे कुणाचं लक्ष जात नाही. तपासणी होते आणि बी-१२ येतं १४०. दोनशेच्या खाली साधारणपणे कमतरता धरतात. एचबीए१सी साडेआठ, म्हणजे साखरही ताब्यात नाही.

आणखी एक धागा उरतो. रात्री उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट इतकं बधिर होतं की त्या हात झटकत उठतात. करंगळी ठीक असते. हे मोजे-हातमोज्यांच्या घडणीत बसत नाही. मनगटात नस दाबली गेल्याची ही खूण आहे. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधला की बहुतेकांना आराम पडतो.

बी-१२ ची इंजेक्शनं आणि साखरेची दुरुस्ती यांनी पॅक्लिटॅक्सेलची इजा भरून येत नाही, पण तिच्यावर पडणारी भर थांबते. पुढचा डोस कमी केल्यावर बारा डोस पुरे होण्याची शक्यताही वाढते.

गरजेप्रमाणे थायरॉइड, किडनी, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही पाहतात. हाडांसाठीच्या काही इंजेक्शनांनंतर कॅल्शियम उतरलं तर ओठांभोवतीही मुंग्या येतात. दारूची सवय किंवा टीबीसाठी आयसोनियाझिड चालू असेल तर आपणहून सांगावं. तळवे लाल होऊन सोलवटत असतील तर ती बहुधा कॅपेसिटाबिनसारख्या गोळ्यांची त्वचेवरची प्रतिक्रिया असते. त्वचेवर फिकट, बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाचीही तपासणी हवी.

एका प्रसंगी मात्र पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. पाठ दुखतेय, पायांतली ताकद जातेय, लघवी अडतेय किंवा बसण्याच्या जागेची संवेदना गेली आहे, तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं. काही तासांच्या उशिरानेही चालणं कायमचं जाऊ शकतं.

उपचारांबाबत अपेक्षा माफक ठेवावी. ही इजा नक्की टाळणारी गोळी अजून नाही. दुखरी जळजळ असेल तर ड्युलोक्सेटिनने काहींना फरक पडतो. पण टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ते आधी सांगावं, कारण ड्युलोक्सेटिनमुळे टॅमॉक्सिफेनचं काम मंदावू शकतं. दुकानातून आणलेल्या ‘नसांच्या ताकदीच्या’ गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यांतलं बी-६ जास्त प्रमाणात, दीर्घकाळ घेतलं तर स्वतःच मज्जातंतू खराब करतं. काहींत असणारं ॲसिटिल-एल-कार्निटिन केमोसोबत दिल्यावर त्रास वाढल्याचं एका मोठ्या चाचणीत दिसलं आहे. बी-१२ ची गोळीही रक्त दिल्यानंतरच सुरू करावी, नाहीतर रिपोर्ट फसवा येतो.

घरी अंघोळीचं पाणी कोपराने किंवा दुसऱ्याच्या हाताने तपासावं, पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी घेऊ नये, अनवाणी फिरू नये आणि रोज रात्री तळवे नीट पाहावेत. आणि पुढच्या डोसला जाताना एका कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: कुठलं काम अडतंय, बधिरता कुठवर चढली आहे, आणि घरात चालू असलेली प्रत्येक गोळी. सलाईन लागण्याआधी तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.