मुलाखतीपुरते बाहेर बसणे पुरेसे नाही

वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याची कल्पना करा. भांडारात एक स्टोअरकीपर हवा आहे आणि खरेदी विभागाच्या व्यवस्थापकाचा भाचा त्या कामाला योग्य आहे. व्यवस्थापक सरळ स्वभावाचे. ते म्हणतात, ‘त्याची मुलाखत सुरू असताना मी बाहेर बसेन. मग तर कोणाची हरकत नसावी?’

ऐकायला हे रास्त वाटते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद १९६९ सालीच तपासला आहे. जम्मू-काश्मीरमधील भारतीय वनसेवेच्या निवडीत तेथील प्रभारी मुख्य वनसंरक्षक निवड मंडळाचे सदस्य होते आणि स्वतः उमेदवारही होते. त्यांच्या नावाचा विचार झाला तेव्हा ते चर्चेपासून दूर राहिले. प्रतिस्पर्ध्यांची गुणवत्ता ठरवताना मात्र सहभागी झाले. ‘क्रैपक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात न्यायालयाने निवड रद्द केली. पक्षपात प्रत्यक्ष झाला हे सिद्ध करण्याची गरज नाही, तशी वाजवी शक्यता दिसली तरी पुरे, असे त्याचे तत्त्व.

ही शक्यता कशी निर्माण होते ते आपल्या कारखान्यात पाहू. मुलाखत मंडळ तिघांचे, प्रत्येकाकडे २० गुण. भाच्याच्या वेळी मामा बाहेर. उरलेल्या दोघांनी त्याला सरासरी १५ गुण दिले. दुसऱ्या एका उमेदवाराला त्याच दोघांनी प्रत्येकी १६ दिले, मामांनी १०. त्याची सरासरी १४ झाली आणि तो मागे पडला. मामांनी भाच्याला एकही गुण दिलेला नाही. शिवाय त्यांच्या मते ते १० गुण अगदी प्रामाणिक असू शकतील; ते तसे आहेत की नाहीत हे कोणालाच, कदाचित त्यांनाही, सांगता येणार नाही. खरी अडचण तीच.

हरियाणा लोकसेवा आयोगासंबंधीच्या १९८५ च्या अशोक कुमार यादव खटल्यात न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केले. निवड समितीतील सदस्याचा जवळचा नातेवाईक उमेदवार असेल, तर सदस्याने संपूर्ण निवड प्रक्रियेतून बाजूला व्हावे आणि त्याच्या जागी दुसरा नेमला जावा. लोकसेवा आयोग घटनात्मक असल्याने तेथे बदली सदस्य नेमता येत नाही, म्हणून आयोगाच्या सदस्यांनी त्या उमेदवाराच्या मुलाखतीपुरते व त्याच्याविषयीच्या चर्चेपुरते दूर राहावे, त्याचे गुणही त्यांना कळू नयेत, एवढीच सवलत दिली. कारखान्यातल्या व्यवस्थापकाला पर्याय सहज मिळतो. ती सवलत त्यांनी मागू नये.

पण गोष्ट मुलाखतीच्या आधीच सुरू होते. केरळचे मंत्री के. टी. जलील यांच्यावरील आक्षेप मुलाखतीचा नव्हताच. अल्पसंख्याक विकास वित्त महामंडळातील महाव्यवस्थापकपदाची पात्रता आपल्या नातेवाइकाला सोयीची व्हावी म्हणून बदलली, असा तो आक्षेप होता. लोकायुक्तांनी तो ग्राह्य धरला आणि एप्रिल २०२१ मध्ये जलील यांनी राजीनामा दिला. म्हणून आपल्या व्यवस्थापकांनी भाच्याचे नाव वरिष्ठांना व मनुष्यबळ विभागाला लेखी कळवायचे ते जाहिरातीचा मसुदा होण्यापूर्वी. ‘टॅली येणे आवश्यक’, ‘दोन वर्षांचा अनुभव’ अशा अटी दुसऱ्या कोणीतरी लिहाव्यात. एखादी अट एकाच अर्जाला नेमकी बसत असेल, तर ती का घातली हे विचारावे.

येथे कायद्याचा आडोसा घेतला जातो. कंपनी कायदा २०१३ मधील नातेवाइकांच्या यादीत पती-पत्नी, आईवडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंबातील सदस्य आहेत. भाचा नाही, मेहुणाही नाही. आपल्या घरांत मामा-भाच्याचे नाते किती जवळचे असते हे यादी करणाऱ्यांना कोणी सांगितले नसावे. व्यवस्थापकांनी व्याख्येकडे न पाहता, हे नाते नंतर कळल्यास सहकाऱ्यांना काय वाटेल, एवढेच पाहावे.

समजा, दुसऱ्या मंडळाने भाच्यालाच निवडले. तरी एक गाठ उरते. खरेदीची मागणी मामा मंजूर करणार आणि माल आला, मोजून घेतला अशी चलनावर सही भाचा करणार. या दोन सह्या वेगळ्या माणसांच्या असाव्यात, हा भांडाराचा मूळ नियम केवळ चोरीसाठी नसतो. ५० पिंपांऐवजी ४८ आली तर ‘कमी आहेत’ असे म्हणणारा माणूस हवा असतो. मामाच्या ऑर्डरबद्दल भाचा ते किती ठामपणे म्हणेल? त्यामुळे भाच्याची रजा, वेतनवाढ व वार्षिक मूल्यमापन दुसऱ्या विभागप्रमुखाकडे देणे एवढ्याने भागत नाही. माल स्वीकारण्याची सहीसुद्धा तिसऱ्याकडे जायला हवी.

मोठ्या कंपनीत हे जमते. बारा माणसांच्या कारखान्यात तिसरा माणूसच नसतो. तेथे व्यवस्थापकांनी भाच्याला अर्ज करण्यापूर्वीच हे समजावून सांगावे आणि दुसऱ्या एखाद्या कारखान्याचा पत्ता द्यावा.