अंडी कोण नेतो?

आमच्या शेजारच्या काकूंनी खुडूक कोंबडी 11 अंड्यांवर बसवली होती. डालगे गोठ्याच्या कोपऱ्यात होते. पाचव्या दिवशी पाहिले तर अंडी आठच. सातव्या दिवशी पाच राहिली. टरफलाचा तुकडासुद्धा कोठे दिसेना.

काकूंचा संशय गेला गुरे राखणाऱ्या पोरावर. "दुपारी तोच इकडे असतो," त्या म्हणाल्या. पोराच्या आईने ते ऐकले. दोन घरांचे बोलणे बंद झाले.

आम्ही म्हटले, "काकू, पोराला बोल लावण्याआधी एक करा. चुलीतली राख चाळून डालग्याभोवती पसरा."

त्या रात्री दार बंद होते. सकाळी राख जशीच्या तशी होती. दुपारी कोंबडी चरायला उठली. पाव तासाने परतली. मग आम्ही राख पाहिली. मधोमध शेपूट ओढल्याची रेघ होती. रेघेच्या दोन्ही बाजूंना नख्यांच्या पावलांचे ठसे होते. ती घोरपड होती. साप असता तर नुसता पट्टा उमटला असता, पावले नसती. मुंगसाची पावले उमटतात, पण शेपटाची अशी ठळक रेघ उमटत नाही. शिवाय मुंगूस अंडे फोडून खाते आणि टरफल टाकून जाते. साप अंडे अख्खे गिळतो. घोरपडही बहुधा तसेच करते.

रेघ भिंतीखालच्या मोरीच्या भोकाशी गेली. पलीकडे दगडी गडगा होता. घोरपड राहते ती अशाच ठिकाणी. ती उन्हाची फिरते. जीभ आतबाहेर करून वास घेते. नख्यांनी माती उकरते, भिंतही चढते. म्हणून दार रात्री लावून भागत नाही. धोका भर दुपारचा आहे.

धामणही दिवसाच फिरते. ती मुख्यतः उंदरांच्या मागावर येते. खुराड्याजवळ दाणे सांडले की उंदीर येतात, आणि उंदरांमागे धामण. पिल्ले सापडली तर ती पिल्लेही खाते. तिला विष नसते. धामण म्हशीचे दूध पिते, नाकात शेपूट घालते, असे लोक सांगतात. ते खरे नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. खुराड्यात नागही शिरतो, आणि अंधारात धामण कोणती नि नाग कोणता हे कळत नाही. म्हणून अंडी काढताना हात एकदम आत घालू नका. आधी बत्तीने पाहा.

काकूंच्या घरी आम्ही असे केले. मोरीच्या तोंडाला जाड तारेची, अर्ध्या इंचाच्या भोकांची जाळी बसवली. कोंबड्यांसाठी मिळणाऱ्या पातळ जाळीची भोके मोठी असतात. त्यांतून लहान साप सहज जातो. मग डालगे एका लाकडी पेटीत ठेवले आणि पेटीच्या समोर तीच जाळी लावली. कोंबडी चरायला उठली की काकू स्वतः दार उघडत, आणि ती परत बसली की लावून घेत. जेवढा वेळ ती बाहेर, तेवढा वेळ तेथेच भांडी घासत बसत. दाण्याचा डबा झाकणाचा केला. भिंतीलगतची सरपणाची रास दूर नेली.

उघड्या जागेत खुराडे असेल तर जाळी 1 फूट जमिनीत पुरावी आणि तिची खालची कड बाहेरच्या अंगाला वाकवावी. उकरणारे जनावर भिंतीच्या कडेलाच उकरू लागते, आणि तेथे त्याला जाळी आडवी येते. नायलॉनची जुनी मासळीची जाळी मात्र लावू नका. साप तीत अडकून मरतो, आणि तो सोडवताना माणसाला दंश व्हायचा.

खुडूक नसलेल्या कोंबड्या बहुधा सकाळी अंडी घालतात. ती दहाच्या सुमारास एकदा आणि जेवणानंतर पुन्हा उचलावी. खुराड्यात अंडी राहिली नाहीत तर घोरपडीला यायचे कारणच उरत नाही.

काही जण अंड्यात विष घालून ठेवतात. ते कुत्रे खाते, कधी पोरही खाईल. शिवाय घोरपड किंवा धामण मारणे, पकडणे हा 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आत जनावर दिसले तर जमेल तर लांब काठीने दार मोकळे करा, कोंबड्या बाहेर येऊ द्या आणि दूर व्हा. वाट मिळाली की ते बहुधा जाते. न गेले तर सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवा. घोरपडीला कोंडीत पकडू नका. ती चावते, शेपटीचा फटकाही देते, आणि जखम चिघळते.

एकविसाव्या दिवशी पाचांपैकी चार पिल्ले निघाली. काकू एक पिल्लू पदराखाली घेऊन पोराच्या आईकडे गेल्या. काय बोलणे झाले ते आम्हांस ठाऊक नाही. संध्याकाळी ते पोर काकूंच्या अंगणात दाणे टाकताना दिसले. घोरपड अजून गडग्यावर ऊन खात पडलेली असते.